संयुक्त भिंतीतील उष्णतावहन: औष्णिक रोधांचे जाळे मांडून असाइनमेंट सोडवण्याची पद्धत

संयुक्त भिंतीच्या गणितात सूत्र चुकीचे लिहिले जाण्याचे प्रमाण फारसे नसते. चुका होतात त्या सूत्रात कोणते क्षेत्रफळ घालायचे, कोणता रोध कोणाशी एकसर जोडायचा आणि कोणता समांतर, आणि मिळालेल्या उष्णताप्रवाहावरून मधली तापमाने काढताना कोणता रोध वापरायचा, या तीन ठिकाणी. एकामागोमाग एक थर असलेली साधी भिंत बहुतेकांना जमते. पण एखाद्या थरात दोन पदार्थ शेजारी-शेजारी आले की उत्तर दुप्पट किंवा पाव होऊन बसते. म्हणून या लेखात तशीच एक भिंत घेऊन ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवली आहे.

उदाहरणातील भिंत अशी आहे. आतल्या बाजूस १३ मिमी जाडीचा जिप्सम बोर्ड आहे. त्यामागे ९० मिमी जाडीचा मधला थर असून त्यात ४० मिमी रुंदीचा उभा लाकडी खांब आणि त्यालगत ३६० मिमी रुंदीची काचलोकर, अशी रचना पुन्हा पुन्हा येते. बाहेरच्या बाजूस १०० मिमी जाडीचे विटकाम आहे. भिंत ४.८ मीटर लांब आणि ३ मीटर उंच आहे. आतली हवा २२ °C, बाहेरची हवा −८ °C. अभिसरण गुणांक आत ८ आणि बाहेर २५ W/m²K. औष्णिक वाहकता, W/mK मध्ये: जिप्सम बोर्ड ०.१७, लाकूड ०.१२, काचलोकर ०.०४, विटकाम ०.७२. भिंतीतून जाणारी एकूण उष्णता आणि प्रत्येक पृष्ठभागाचे तापमान काढायचे आहे.

## टप्पा १: ही पद्धत इथे लागू पडते का, ते आधी ठरवा

रोधांचे जाळे मांडता येते, कारण एका थरात जेवढी उष्णता शिरते तेवढीच दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. हे खरे राहण्यासाठी भिंत स्थायी अवस्थेत असली पाहिजे, म्हणजे कोणत्याही बिंदूचे तापमान वेळेनुसार बदलत नसले पाहिजे, आणि भिंतीच्या आत कोठेही उष्णता निर्माण होत नसली पाहिजे. ज्या थरातून विद्युतप्रवाह जाऊन तो तापतो, त्या थराला L/kA, म्हणजे जाडीला वाहकता आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागून येणारा रोध लावता येत नाही, कारण तिथे प्रवाह थराच्या जाडीनुसार वाढत जातो. प्रश्नात ‘प्रति घनमीटर इतके वॉट उष्णतानिर्मिती’ असे शब्द दिसले, तर त्या थरासाठी वहनाचे समीकरण सोडवावे लागते. बाकीच्या थरांना मात्र रोध लावता येतात.

याखेरीज वाहकता स्थिर मानलेली असते आणि उष्णता जाडीच्या दिशेनेच जाते असे गृहीत असते. लाकूड आणि काचलोकर शेजारी-शेजारी असल्यामुळे हे दुसरे गृहीतक आपल्या भिंतीत पूर्णपणे खरे नाही, आणि त्याचा परिणाम किती होतो हे टप्पा ७ मध्ये मोजले आहे. ही गृहीतके असाइनमेंटच्या सुरुवातीला पूर्ण वाक्यांत लिहावीत, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यांच्यावरच उभी आहे.

## टप्पा २: एकके बदला आणि पुन्हा पुन्हा येणारा भाग निवडा

सर्व जाड्या आणि रुंद्या मीटरमध्ये लिहून घ्या: ०.०१३, ०.०९०, ०.१००, ०.०४०, ०.३६०. हे काम सूत्रात आकडे घालताना करू नये, आधीच उरकावे. एका थरात मिलिमीटर आणि दुसऱ्यात मीटर राहिले, तर एक रोध त्याच्या खऱ्या किमतीच्या हजारपट होतो आणि बाकीचे सगळे थर नगण्य असल्याचा भास होतो. तापमानातील फरक मात्र °C मध्ये घेतला काय किंवा केल्विनमध्ये घेतला काय, आकडा एकच येतो, म्हणून इथे २७३ मिळवण्याची गरज नाही.

आता संपूर्ण भिंत घेण्याऐवजी तिचा पुन्हा पुन्हा येणारा भाग घ्या. एक खांब आणि त्यालगतची काचलोकर मिळून ०.४ मीटर रुंदी होते, म्हणजे ४.८ मीटर लांबीत असे १२ भाग बसतात. एका भागाची क्षेत्रफळे अशी:

```
पूर्ण भाग   : ०.४० × ३ = १.२० m²
लाकूड       : ०.०४ × ३ = ०.१२ m²
काचलोकर    : ०.३६ × ३ = १.०८ m²
```

पडताळणी: समांतर पदार्थांच्या क्षेत्रफळांची बेरीज पूर्ण भागाच्या क्षेत्रफळाइतकी आली पाहिजे. इथे ०.१२ + १.०८ = १.२० आहे. ही बेरीज जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काही जण आकडेमोड सोपी व्हावी म्हणून मुद्दाम १ चौरस मीटर क्षेत्रफळ घेतात. त्यात तत्त्वतः चूक नाही, पण क्षेत्रफळ १ असले की ते सूत्रात विसरले तरी उत्तर बदलत नाही आणि चूक लपून राहते. शिकत असताना १ सोडून दुसरा कोणताही आकडा घेतलेला बरा.

## टप्पा ३: आकडे घालण्यापूर्वी जाळे काढा

आतल्या हवेपासून बाहेरच्या हवेपर्यंत चालत जावे तसे, उष्णतेच्या वाटेत काय काय येते ते क्रमाने लिहावे. आधी आतल्या हवेतून बोर्डाच्या पृष्ठभागापर्यंतचे अभिसरण, मग बोर्ड, मग मधला थर, मग विटकाम आणि शेवटी विटकामाच्या बाहेरील पृष्ठभागापासून बाहेरच्या हवेपर्यंतचे अभिसरण. मधल्या थरापाशी वाट दोन फांद्यांत फुटते आणि थर संपताच पुन्हा एक होते.

```
                          ┌─ लाकूड ───┐
हवा(२२) ─ अभिसरण ─ बोर्ड ─┤            ├─ विटकाम ─ अभिसरण ─ हवा(−८)
                          └─ काचलोकर ─┘
```

एकसर की समांतर, हे ओळखण्यासाठी एकच प्रश्न विचारावा: एका पदार्थातून गेलेली उष्णता दुसऱ्यातूनही जायलाच हवी का? उत्तर होय असेल तर जोडणी एकसर, आणि दोघांपैकी कोणत्याही एका वाटेने ती पलीकडे पोहोचू शकत असेल तर जोडणी समांतर. बोर्डातून गेलेल्या उष्णतेला विटकामातूनही जावेच लागते; लाकडातून गेलेल्या उष्णतेला काचलोकरीतून जावे लागत नाही. भिंतीच्या चित्रात थर कोणत्या बाजूला रंगवले आहेत यावरून हा निर्णय घेऊ नये, कारण उष्णताप्रवाहाचा बाण आडवा की उभा यावर चित्राचा अर्थ बदलतो.

इशारा: जाळ्याची दोन टोके म्हणजे ज्यांचे तापमान दिलेले आहे ते दोन बिंदू. प्रश्नात हवेऐवजी आतल्या पृष्ठभागाचे तापमान दिले असेल, तर जाळे त्या पृष्ठभागापासूनच सुरू होते आणि आतला अभिसरण रोध त्यात येत नाही. समजा, आपल्या भिंतीत बोर्डाचा आतला पृष्ठभाग २० °C आहे एवढेच दिले असते, तर एका भागातून जाणारी उष्णता १५.८ W आली असती. आतला अभिसरण रोध चुकून ठेवला तर ती १४.९ W येते. फरक लहान दिसतो आणि म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते.

## टप्पा ४: प्रत्येक रोध त्याच्या स्वतःच्या क्षेत्रफळाने काढा

वापरायची सूत्रे दोनच आहेत:

```
वहन      : R = L / (k A)
अभिसरण : R = १ / (h A)
```

दोन्ही रोधांचे एकक K/W आहे. L म्हणजे थराची जाडी, k म्हणजे वाहकता, h म्हणजे अभिसरण गुणांक आणि A म्हणजे त्या पदार्थातून उष्णता ज्या क्षेत्रफळातून जाते ते क्षेत्रफळ. बोर्ड, विटकाम आणि दोन्ही अभिसरणे यांना १.२० m² लागू आहे, लाकडाला ०.१२ आणि काचलोकरीला १.०८.

```
आतले अभिसरण    : १ / (८ × १.२०)            = ०.१०४२
जिप्सम बोर्ड      : ०.०१३ / (०.१७ × १.२०)    = ०.०६३७
लाकूड            : ०.०९० / (०.१२ × ०.१२)    = ६.२५००
काचलोकर         : ०.०९० / (०.०४ × १.०८)    = २.०८३३
विटकाम           : ०.१०० / (०.७२ × १.२०)    = ०.११५७
बाहेरचे अभिसरण  : १ / (२५ × १.२०)           = ०.०३३३
```

इथे बरेच विद्यार्थी थबकतात: लाकडाची वाहकता काचलोकरीच्या तिप्पट आहे, मग लाकडाचा रोध जास्त कसा? कारण लाकडाचे क्षेत्रफळ काचलोकरीच्या नवव्या हिश्श्याइतकेच आहे. R हा त्या विशिष्ट तुकड्याचा रोध आहे, पदार्थाचा गुणधर्म नव्हे. पदार्थांची तुलना करायची असेल तर प्रति चौरस मीटर रोध, म्हणजे L/k, पाहावा. तो लाकडासाठी ०.७५ आणि काचलोकरीसाठी २.२५ m²K/W आहे.

इशारा: L/k आणि L/kA एकाच बेरजेत मिसळू नयेत. एककांचा रकाना लिहिण्याची सवय असेल तर m²K/W आणि K/W शेजारी येताच चूक दिसते. एकसर थरांच्या भिंतीत सर्वत्र L/k वापरून मिळालेला प्रति चौरस मीटर प्रवाह शेवटी क्षेत्रफळाने गुणणे चालते. समांतर फांद्या आल्या की क्षेत्रफळे वेगळी होतात, म्हणून K/W मध्येच काम करणे सुरक्षित असते.

## टप्पा ५: आधी समांतर फांद्या एक करा

एकसर बेरीज करण्यापूर्वी समांतर भागाचा एकच समतुल्य रोध काढावा. समांतर जोडणीत रोधांच्या व्यस्तांची बेरीज होते:

```
१/R = १/६.२५ + १/२.०८३३ = ०.१६ + ०.४८ = ०.६४
R   = १/०.६४ = १.५६२५ K/W
```

शेवटची ओळ अनेकदा राहून जाते आणि ०.६४ हाच रोध समजून तो बेरजेत घातला जातो. ०.६४ चे एकक W/K आहे. रोध मिळवण्यासाठी त्याचा व्यस्त घ्यावाच लागतो.

पहिली पडताळणी: समतुल्य रोध दोन्ही फांद्यांतील लहान रोधापेक्षाही लहान असला पाहिजे, कारण उष्णतेला आणखी एक वाट मिळाली आहे. १.५६ हा २.०८ पेक्षा लहान आहे. दोन्ही रोध सरळ मिळवले असते तर ८.३३ आला असता, आणि एवढ्यावरूनच चूक ओळखता आली असती.

दुसरी पडताळणी: ही अधिक उपयोगी आहे आणि फार कमी जण करतात. मधला थर संपूर्ण काचलोकरीचा असता तर त्याचा रोध ०.०९०/(०.०४ × १.२०) = १.८७५ आला असता. संपूर्ण लाकडाचा असता तर ०.०९०/(०.१२ × १.२०) = ०.६२५. मिश्र थराचा रोध या दोहोंच्या मध्ये असायलाच हवा, आणि १.५६२५ तसा आहे. आता सर्वाधिक आढळणारी चूक पाहा. दोन्ही फांद्यांना पूर्ण १.२० m² क्षेत्रफळ लावले, तर समतुल्य रोध ०.४६९ येतो. तो लहान फांदीपेक्षा लहान असल्यामुळे पहिल्या पडताळणीत सहज उत्तीर्ण होतो. पण पूर्ण लाकडाच्या थरापेक्षाही तो कमी आहे, आणि काचलोकर घालून थर निव्वळ लाकडापेक्षा जास्त उष्णता जाऊ देईल हे शक्य नाही. ही चूक तशीच पुढे नेली तर एका भागातून १६ W ऐवजी ३८ W येतात.

सरासरी घेऊन काम उरकण्याचा मोह होत असेल, तर कशाची सरासरी घेतो आहोत हे पाहावे. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाहकतेची सरासरी घेतली (०.९ × ०.०४ + ०.१ × ०.१२ = ०.०४८), तर तोच १.५६२५ मिळतो, कारण ते समांतर सूत्राचेच दुसरे रूप आहे. पण L/k या रोधांची तशीच सरासरी घेतली तर १.७५ K/W येतो आणि तो चुकीचा असतो.

## टप्पा ६: एकूण रोध, उष्णताप्रवाह आणि मधली तापमाने

आता जाळे पूर्णपणे एकसर झाले आहे:

```
R = ०.१०४२ + ०.०६३७ + १.५६२५ + ०.११५७ + ०.०३३३ = १.८७९४ K/W
q = (२२ − (−८)) / १.८७९४ = ३० / १.८७९४ = १५.९६ W
```

हा एका भागाचा प्रवाह आहे. पूर्ण भिंतीसाठी १५.९६ × १२ = १९१.५ W. तापमानातील फरक काढताना बाहेरचे ऋण चिन्ह विसरले तर ३० ऐवजी १४ येतो, म्हणून कंस लिहावेत. प्रश्नात एकूण उष्णता-पारण गुणांक U मागितला असेल, तर U = १/(RA) = १/(१.८७९४ × १.२०) = ०.४४३ W/m²K. इथेही R ज्या क्षेत्रफळाचा आहे तेच क्षेत्रफळ घ्यायचे; पूर्ण भिंतीचे १४.४ m² घातले तर U बारापट कमी येतो.

तापमाने काढण्यासाठी आतल्या हवेपासून सुरुवात करून प्रत्येक रोधावर होणारी घट, म्हणजे q × R, वजा करत जावे. q सर्व एकसर रोधांत सारखाच असतो.

```
                    घट (K)    पुढच्या पृष्ठभागाचे तापमान (°C)
आतले अभिसरण       १.६६      २०.३४
जिप्सम बोर्ड         १.०२      १९.३२
मधला थर           २४.९४     −५.६२
विटकाम              १.८५      −७.४७
बाहेरचे अभिसरण     ०.५३      −८.००
```

पडताळणी: शेवटची ओळ बाहेरच्या हवेचे दिलेले तापमानच दाखवते. तसे न झाल्यास बेरजेत किंवा q मध्ये चूक आहे. मधल्या पायऱ्यांत चार अंक ठेवावेत; आधीच दोन अंकांवर आणले तर इथे दशांश जुळत नाहीत आणि नसलेली चूक शोधण्यात वेळ जातो. शिवाय घटीचे प्रमाण रोधाच्या प्रमाणाइतकेच असले पाहिजे. मधल्या थराचा रोध एकूण रोधाच्या ८३ टक्के आहे, आणि ३० पैकी २४.९४ म्हणजेही ८३ टक्केच.

मधल्या थरात उष्णता कशी वाटली जाते, हे काढताना एक चूक वारंवार होते: १५.९६ ला लाकडाच्या ६.२५ ने गुणले जाते आणि जवळजवळ १०० अंशांची घट मिळते. समांतर फांद्यांत प्रवाह विभागला जातो. सारखा राहतो तो तापमानातील फरक. म्हणून थरावरची २४.९४ ही घट प्रत्येक फांदीच्या रोधाने भागावी.

```
लाकूड      : २४.९४ / ६.२५००  = ३.९९ W
काचलोकर   : २४.९४ / २.०८३३ = ११.९७ W
```

बेरीज १५.९६ W येते, म्हणजे विभागणी बरोबर आहे. एक दशांश क्षेत्रफळ व्यापणाऱ्या लाकडातून एक चतुर्थांश उष्णता जाते. चर्चेच्या परिच्छेदात लिहिण्यासारखा निष्कर्ष हाच आहे, आणि तो आकड्यांसह लिहावा.

## टप्पा ७: आडव्या दिशेच्या वहनाचा अंदाज घ्या

आतापर्यंत आपण असे मानले की बोर्डाचा मागचा संपूर्ण पृष्ठभाग १९.३२ °C या एकाच तापमानाला आहे. म्हणजे उष्णता बोर्डाच्या आत आडवी सरकून लाकडापर्यंत कोणत्याही अडथळ्याशिवाय पोहोचते, असे आपण नकळत गृहीत धरले. याच्या उलट टोकाचे गृहीतक असे: लाकडासमोरची आणि काचलोकरीसमोरची उष्णता एकमेकींत अजिबात मिसळत नाही. मग जाळे हवेपासून हवेपर्यंत दोन स्वतंत्र वाटांचे होते, आणि प्रत्येक वाटेत बोर्ड, विटकाम आणि अभिसरणे यांनाही त्या वाटेचेच क्षेत्रफळ लागते.

```
लाकडाची वाट      : १.१३०४ / ०.१२ = ९.४२० K/W
काचलोकरीची वाट  : २.६३०४ / १.०८ = २.४३६ K/W
समतुल्य           : १.९३५ K/W
q                  : ३० / १.९३५ = १५.५० W
```

वरच्या दोन अंशांत त्या त्या वाटेतील सर्व L/k आणि १/h यांची बेरीज आहे. समान तापमानाच्या प्रतलांचे गृहीतक रोध कमी दाखवते आणि स्वतंत्र वाटांचे गृहीतक तो जास्त दाखवते; प्रत्यक्ष द्विमितीय वहनाचे उत्तर या दोहोंच्या मध्ये पडते. इथे १५.५० आणि १५.९६ मध्ये सुमारे ३ टक्के अंतर आहे, म्हणून एकमितीय जाळे पुरेसे आहे असे आधारासह लिहिता येते. लाकडाच्या जागी पोलादी पट्टी असती तर शेजारच्या पदार्थांच्या वाहकता हजारपटींहून अधिक वेगळ्या झाल्या असत्या, दोन उत्तरांत मोठे अंतर पडले असते आणि हे जाळे विश्वासार्ह राहिले नसते.

इशारा: दोन्ही गृहीतके एकाच आकृतीत मिसळू नयेत. बोर्ड दोन वाटांत विभागायचा आणि विटकाम मात्र एकत्र ठेवायचे, अशी जाळी काही उत्तरांत दिसतात. प्रश्नात गृहीतक दिले असेल तर तेच वापरावे; दिले नसेल तर एक निवडून त्याचे नाव लिहावे आणि दुसऱ्याने येणारे उत्तर तुलनेसाठी द्यावे.

## टप्पा ८: संपर्क रोध दिला असेल तर

दोन थर एकमेकांवर कितीही दाबले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि तिथे तापमानात अचानक घट होते. प्रश्नात हा रोध बहुधा m²K/W मध्ये दिलेला असतो, म्हणून तो क्षेत्रफळाने भागूनच एकसर बेरजेत घालावा. गुणाकार करणे ही नेहमीची चूक आहे. संपर्क रोध असलेल्या ठिकाणी दोन वेगळी तापमाने येतात, एक प्रत्येक पृष्ठभागाचे, त्यामुळे तक्त्यात एक ओळ वाढते.

तो सोडून देता येईल का, हे शेजारच्या थरांवर अवलंबून असते. ०.०००१ m²K/W एवढा संपर्क रोध आपल्या भिंतीत घातला तर एकूण रोधात ०.००००८ K/W ची भर पडते, म्हणजे उत्तरात काहीच बदलत नाही. पण प्रत्येकी १० मिमी जाडीच्या दोन ॲल्युमिनियम पट्ट्या असतील आणि वाहकता २०० W/mK धरली, तर प्रत्येक पट्टीचा L/k हा ०.००००५ येतो. दोन्ही पट्ट्या मिळून जेवढा रोध करतात, तेवढाच तो एकटा सांधा करतो. म्हणून ‘संपर्क रोध नगण्य मानला’ हे वाक्य धातूंच्या थरांसाठी तुलना केल्याशिवाय लिहू नये.